पार्सल आवडतं, पण गिऱ्हाईक परत येत नाही: खणाच्या दागिन्यांचं आभारकार्ड आणि पॅकिंग कुठे चुकतं

तक्रार बहुतेक वेळा अशी असते. खणाचे झुमके, चोकर, कुड्या घरी बनवून व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा इन्स्टाग्रामवर विकल्या जातात. पार्सलमध्ये आभाराचं कार्ड असतं, त्यावर पुढच्या खरेदीला १० टक्के सवलतीचा कोड असतो, वर रिबन आणि एखादं चॉकलेट. पार्सल पोहोचलं की "खूपच सुंदर!" असा मेसेज येतो, सोबत दोन बदाम. त्यानंतर मात्र शुकशुकाट. कोड कोणी वापरत नाही, गौरी-गणपतीला ती बाई दुसरीकडून खरेदी करते, आणि विकणारीला वाटतं की किंमत जास्त झाली असावी.

किंमत कमी करण्याआधी कार्डाचं काय झालं ते शोधा. मागच्या सहा महिन्यांतल्या ज्या गिऱ्हाइकांशी बोलणं आहे अशा पाच-सहाजणींना सरळ विचारा: "आमचं कार्ड आहे का हो अजून तुमच्याकडे? झुमके कशात ठेवता?" उत्तर बहुधा असं येतं की कार्ड छान होतं, पण खोक्याबरोबर गेलं, आणि झुमके दागिन्यांच्या डब्यात बाकीच्या कानातल्यांबरोबर आहेत. सगळं दुखणं या उत्तरातच आहे. खणाचे दागिने रोज लागत नाहीत. ते सणाला, हळदीकुंकवाला, लग्नकार्याला निघतात. म्हणजे पुन्हा खरेदीची इच्छा पार्सल उघडल्यावर दोन-तीन महिन्यांनी होणार, आणि त्या दिवशी तुमचं नाव, नंबर आणि त्या खणाचा रंग सांगणारा एकही कागद तिच्या हाताशी नसतो. कार्ड कितीही देखणं असलं तरी ते पहिल्याच दिवशी केराच्या टोपलीत गेलं तर त्याने फक्त छपाईचा खर्च वाढवला.

म्हणून उपायही तिथूनच सुरू होतो. आभारकार्ड वेगळं छापूच नका. ज्या कार्डावर झुमके अडकवलेले असतात तेच आभारकार्ड करा, आणि ते इतकं सोयीचं करा की झुमके वापरून झाल्यावर परत त्याच कार्डावर लावून ठेवावेसे वाटतील. मग कार्ड दागिन्याबरोबर डब्यात राहतं आणि दर सणाला दागिन्याबरोबरच बाहेर येतं.

कार्डाचं माप आणि कागद

साधारण अडीच सेंटीमीटर व्यासाच्या आणि आकड्यापासून पाच सेंटीमीटर लोंबणाऱ्या झुमक्यांसाठी ३ इंच रुंद आणि ४ इंच उंच कार्ड बरोबर बसतं. भोकं वरच्या कडेपासून दीड सेंटीमीटर खाली आणि एकमेकांपासून ४ सेंटीमीटर अंतरावर घ्या. मग दोन झुमक्यांमध्ये दीड सेंटीमीटर मोकळी जागा राहते. भोकं जवळ घेतली की झुमके एकमेकांवर आपटतात, कडेचे मोती खणावर घासतात आणि काठाचा धागा सुटायला लागतो. गिऱ्हाइकाला हे "कापड लवकर खराब झालं" असं दिसतं, खरं कारण मात्र कार्डावरची दोन भोकं असतात. झुमक्यांच्या खाली पुढच्या बाजूला साडेतीन सेंटीमीटरच्या आसपास पट्टी उरते. तेवढी तुमच्या नावाला आणि हाताने लिहिलेल्या एका ओळीला पुरते. बाकी सगळा मजकूर मागे.

कागद ३०० जीएसएमचा घ्या. २०० च्या आतला कागद झुमक्यांच्या वजनाने वाकतो आणि चार वेळा काढघाल केली की भोकं फाटतात. घडीचं कार्ड टाळा. एवढ्या जाड कागदाला घडीच्या जागी आधी क्रीज मारून घेतली नाही तर छपाईचा रंग तडकतो, आणि घडीचं कार्ड डब्यात जाडजूड होऊन बसतं ते वेगळंच.

चकचकीत लॅमिनेशनचा मोह अनेकांना होतो. त्यावर बॉलपेन उमटत नाही आणि जेल पेनची शाई वाळत नाही. हाताने लिहिलेलं नाव झुमक्याला घासून खणावर निळा डाग पडतो, आणि फिक्या रंगाच्या खणावरून तो जात नाही. मॅट किंवा साधा कोटिंग नसलेला कागद घ्या. घरच्या इंकजेट प्रिंटरवर छापत असाल तर ओलं बोट कार्डावर घासून पाहा. रंग बोटाला लागला तर ते कार्ड पावसाळ्यात कापडाला टेकवू नका. छापखान्यातल्या डिजिटल मशीनवरची छपाई अशी सुटत नाही.

छापखान्यात कार्डाचा भाव विचारू नका, शीटचा विचारा. १२ बाय १८ इंचाच्या एका शीटवर ३ बाय ४ ची बारा कार्डं कटिंगची जागा सोडूनही बसतात. म्हणजे नऊ शीटमध्ये १०८ कार्डं होतात. पहिल्यांदा एवढीच छापा. हजारांचा भाव स्वस्त वाटतो, पण पहिल्या खेपेत मजकुरात काहीतरी बदलावंसं वाटतंच, आणि उरलेली नऊशे कार्डं संपेपर्यंत जुनाच मजकूर वापरला जातो. भोकं पाडायला बारीक दाभण पुरतं. एका कार्डावर मोजून भोकं पाडा, तेच साचा म्हणून वर ठेवून पाच-पाच कार्डं एकदम टोचा. भोक दीड-दोन मिलिमीटरपेक्षा मोठं झालं तर आकडा निसटतो. त्यावर उपाय म्हणजे मागून आकड्याला सिलिकॉनचा छोटा स्टॉपर लावणं, आणि तो एरवीही लावावाच.

मागच्या बाजूला काय लिहायचं

"आमच्या छोट्याशा व्यवसायाला हातभार लावल्याबद्दल मनःपूर्वक आभार, आम्हाला टॅग करायला विसरू नका" हा मजकूर जवळपास प्रत्येक कार्डावर असतो. त्यात विकणाऱ्याची गरज सांगितलेली असते. घेणारीला त्या कार्डाचा पुढे काही उपयोग होत नाही, म्हणून ते जपलंही जात नाही. मागच्या बाजूला अशाच गोष्टी लिहा ज्या तिला नंतर कधीतरी शोधाव्या लागतील. त्या तीनच आहेत: हा दागिना नेमका कोणता, तो जपायचा कसा, आणि काही तुटलं किंवा याच्या जोडीचं काही हवं असलं तर काय करायचं.

नमुना असा:

```
खण: मोरपंखी, काठ लाल       कोड: ______
पाणी, अत्तर, हेअर स्प्रे लागू देऊ नका.
सगळं आवरून झालं की शेवटी घाला.
धूळ बसली तर कोरड्या मऊ ब्रशने झटका.
आकडा किंवा मोती निघाला तर ६ महिने
दुरुस्ती आमच्याकडे. फक्त फोटो पाठवा.
याच खणाचं आणखी काही हवं असेल तर
वरचा कोड व्हॉट्सअ‍ॅप करा.
```

खणाचं नाव आणि कोड छापायचे नाहीत, पेनने भरायचे. त्यासाठी तिथे कोऱ्या जागा सोडा, म्हणजे एकच कार्ड सगळ्या रंगांना चालतं. हा कोड तुमच्या वहीतल्या नोंदीशी जुळला पाहिजे. प्रत्येक ताग्याचा बोटभर तुकडा वहीत चिकटवून शेजारी कोड आणि आणल्याची तारीख लिहा. पुढच्या खेपेला आणलेला "तोच" मोरपंखी पहिल्या ताग्यासारखा असेलच असं नाही. कापड रंगवण्याच्या दर खेपेत थोडा फरक पडतो आणि शेजारी ठेवल्यावर तो दिसतो. गिऱ्हाइकाने चोकर मागवला आणि तो झुमक्यांपेक्षा एक छटा हिरवट निघाला तर दुसरी ऑर्डर मिळूनही तिसरी जाते. कोड आला की वहीतला तुकडा नव्या ताग्यावर ठेवून उजेडात पाहा. जुळत नसेल तर आधीच फोटो पाठवून सांगा.

दुरुस्तीची ओळ बऱ्याचजणींना महाग वाटते. प्रत्यक्षात निघालेला मोती चिकटवायला पाच मिनिटं लागतात, आणि टपालाचा खर्च कोणी करायचा हे आधी ठरवून लिहिता येतं. सवलतीच्या कोडपेक्षा ही ओळ जास्त माणसं परत आणते, कारण काहीतरी बिघडल्यावर तिला तुमची गरज पडते आणि त्या बोलण्यातूनच "आणि हो, यात पिवळा आहे का?" हा प्रश्न निघतो. मुदत मात्र लिहा. मुदत नसलेली हमी दोन वर्षांनीही गळ्यात पडते.

क्यूआर कोड स्कॅन होत नाही

कार्डावर छापलेल्या व्हॉट्सअ‍ॅपच्या कोडाचा हा वेगळा दोष, आणि फार आढळतो. तीन कारणं असतात.

पहिलं कारण रंगाचं. ब्रँडचे रंग जपायचे म्हणून सोनेरी किंवा फिका गुलाबी कोड पांढऱ्यावर, नाहीतर पांढरा कोड मरून रंगावर छापला जातो. कोड काळा किंवा अगदी गडद आणि पार्श्वभूमी पांढरी असावी. कोडाभोवती चारही बाजूंना कोडातल्या चार बारीक चौकटींइतकी कोरी जागा लागते. तिथपर्यंत नक्षी किंवा काठ आणला की कॅमेरा चाचपडतो.

दुसरं कारण मजकुराचं, आणि हे मराठीत हमखास घडतं. व्हॉट्सअ‍ॅपच्या लिंकमध्ये आधीच लिहिलेला मेसेज घालता येतो. तो देवनागरीत घातला की लिंकमध्ये प्रत्येक अक्षर-चिन्हाची नऊ रोमन चिन्हं होतात. नुसता "नमस्कार" त्रेसष्ट चिन्हांचा होतो. "नमस्कार, मला मोरपंखी खणाचा चोकर हवा आहे" एवढं वाक्य घातलं तर कोडात आडव्या-उभ्या सत्तरहून अधिक चौकटी येतात. अडीच सेंटीमीटरच्या कोडात ती एकेक चौकट जेमतेम पाव-एक तृतीयांश मिलिमीटरची उरते आणि साध्या फोनला वाचता येत नाही. मेसेज रोमनमध्ये आणि अगदी छोटा ठेवा:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=P1-KHAN
```

नंबर देशाच्या कोडसह, पण आधी अधिकचिन्ह किंवा शून्य न लावता आणि मध्ये जागा न सोडता लिहायचा. ही लिंक २९ बाय २९ चौकटींच्या कोडात मावते आणि अडीच सेंटीमीटरमध्ये एक चौकट पाऊण मिलिमीटरहून मोठी राहते. इथलं P1, म्हणजे पहिली छपाई, पुढच्या खेपेला बदला. मग कोणत्या कार्डावरून माणूस आला ते मेसेजमध्येच कळतं.

तिसरं कारण काही महिन्यांनी दिसतं: कोड स्कॅन होतो, पण पान उघडत नाही. फुकट मिळणारे "बदलता येणारे" कोड मधल्या एखाद्या कंपनीच्या लिंकवरून जातात, आणि चाचणीची मुदत संपली की ते बंद पडतात. वर्षभर डब्यात राहणाऱ्या कार्डासाठी असा कोड कामाचा नाही. वरची लिंक थेट कोडात घाला, ती मुदतीवर चालत नाही. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमधला तयार कोड वापरत असाल तर तो पुन्हा रीसेट करू नका, कारण रीसेट केला की आधी छापलेले सगळे कोड मेले. आणि कोडाखाली नंबर अंकांतही छापाच. सासूबाईंना कोड स्कॅन करता येत नसेल, पण नंबर लावता येतो.

नंबर सेव्ह करून घेण्याला आणखी एक कारण आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीतला मेसेज फक्त त्यांनाच पोहोचतो ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला आहे. गणपतीच्या आधी दोनशेजणींना नवीन नमुने पाठवले आणि काहीच उत्तर आलं नाही, तर मेसेज दुर्लक्षित झाला असं समजू नका, तो बहुधा पोहोचलाच नाही. कार्डावर "दुरुस्तीसाठी हा नंबर सेव्ह करून ठेवा" असं लिहिलं तर लोक सेव्ह करतात. "नवीन ऑफर्ससाठी" लिहिलं तर करत नाहीत.

खोकं उघडताना काय बिघडतं

खोकं मोठं असणं हा पहिला दोष. खाजगी कुरियर बहुधा अर्धा किलोच्या टप्प्याने पैसे घेतात आणि खऱ्या वजनापेक्षा आकारमानाचं वजन जास्त निघालं तर तेच धरतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये गुणून सर्वसाधारणपणे ५००० ने भागलं की किलो मिळतात. २० बाय १५ बाय १० च्या देखण्या खोक्याचं आकारमानाचं वजन ६०० ग्रॅम होतं. आत तीस-चाळीस ग्रॅमचे झुमके असले तरी बिल एक किलोच्या टप्प्याचं येतं. साडेचार बाय साडेतीन बाय दोन इंचाचं तीन-प्लाय सेल्फ-लॉक खोकं घ्या. त्याचं आकारमानाचं वजन १०० ग्रॅमच्या थोडंसंच वर जातं. त्यात ३ बाय ४ चं कार्ड चारही बाजूंना साधारण अर्धा सेंटीमीटर मोकळं राहून बसतं आणि घसरत नाही. कार्ड घसरलं नाही तर पार्सल कसंही उलटंपालटं झालं तरी उघडल्यावर झुमके सुलट दिसतात.

भरण्याचा क्रम असा. तळाला टिश्यू पेपरचा एक ताव हलका चुरगाळून घाला. त्यावर कार्ड, झुमके वरच्या बाजूला. दोन्ही झुमक्यांवरून कार्डाला आडवी एक मऊ पट्टी बांधा, म्हणजे ते हेलकावणार नाहीत. यासाठी खणाच्याच उरलेल्या तुकड्याची बोटभर रुंद पट्टी छान दिसते. ती झिगझॅग कात्रीने कापा, साध्या कात्रीने कापलेल्या खणाचे धागे सुटून मोत्यांत अडकतात. वर दुसरा टिश्यू घडी घालून, त्याला एकच गोल स्टिकर. खोक्याला टेप एकदाच मारा आणि टेपचं टोक सेंटीमीटरभर आत दुमडून जीभ सोडा. गिऱ्हाइकाला जीभ धरून ओढता येते, सुरी आणावी लागत नाही. खोक्याच्या सगळ्या कडांना टेप गुंडाळली की सुरीने उघडणं भाग पडतं, आणि सुरीचं टोक टिश्यूपर्यंत जातं. खणाला गेलेला एक काप दुरुस्त होत नाही. खोकं मग कुरियरच्या प्लास्टिक पिशवीत. पिशवी कात्रीनेच कापली जाणार, पण मध्ये खोक्याची भिंत असते.

पाठवण्याआधी खोकं कानाशी धरून हलवा. खडखड ऐकू आली तर पट्टी सैल आहे किंवा तळाचा टिश्यू कमी आहे. नवीन प्रकारचं खोकं किंवा नवा नमुना असेल तर एकदा कमरेच्या उंचीवरून सहाही बाजूंवर टाकून पाहा आणि उघडा. झुमका कार्डावरून सुटला असेल तर स्टॉपर बदला. मोती निघाला असेल तर ती गोंदाची कसर आहे, पॅकिंग कितीही वाढवलं तरी ती भरून निघत नाही.

आता पार्सलमध्ये जे घालू नये ते. कातरलेल्या रंगीत कागदाचा भुसा फोटोत सुंदर दिसतो, पण त्याचे तंतू मोत्यांच्या सरात आणि खणाच्या विणीत अडकतात आणि गिऱ्हाईक चिमट्याने काढत बसतं. चमकी तर मुळीच नको. चॉकलेट उन्हाळ्यात वितळतं, गोळी पावसाळ्यात चिकट होते आणि गोदामात मुंग्या लागतात. शकुन म्हणून हळदी-कुंकवाची पुडी घालण्याची पद्धत आपल्याकडे आहे आणि भावना चांगली आहे, पण कागदी पुडी दबली की फुटते आणि कुंकू खणात उतरलं की निघत नाही. घालायचीच असेल तर छोट्या झिप पाऊचमध्ये, आणि तो पाऊच खोक्याच्या बाहेर, कुरियर पिशवीत ठेवा. मोगऱ्याची किंवा गुलाबाची पाकळी ओलावा आणते, त्याला बुरशी येते. अत्तराचा फवारा तर कार्डावरच्या सूचनेच्याच विरुद्ध जातो, हे विसरलं जातं.

ओलाव्याचं जरा सविस्तर. खणाचा झुमका आत पुठ्ठ्याच्या किंवा लाकडी पायावर चिकटवलेला असतो. जून ते सप्टेंबर कोकणात, मुंबईत पार्सल दोन-तीन दिवस दमट गोदामात पडलं की पुठ्ठा ओल धरतो आणि कापडाची कड उचलते. "पहिल्या दिवसापासूनच निघत होतं" अशी तक्रार पावसाळ्यातच येत असेल तर गोंद बदलण्याआधी पॅकिंग पाहा. कार्डासकट झुमके झिप पाऊचमध्ये घालून आत एक ग्रॅमची सिलिका जेलची पुडी टाका. पाऊच बंद करण्याच्या दिवशी दागिना पूर्ण वाळलेला हवा. ओला गोंद पाऊचमध्ये कोंडला तर आतून धुकं धरतं आणि आपणच ओल पॅक केलेली असते.

"पार्सल उघडतानाचा व्हिडिओ नसेल तर तक्रार घेतली जाणार नाही" ही लाल अक्षरांतली चिठ्ठी आभारकार्डावर नको. व्हिडिओची अट ठेवणं गैर नाही, पण चिठ्ठी हातात येईपर्यंत पार्सल उघडून झालेलं असतं, त्यामुळे तिथे ती निरुपयोगी आणि वर चिडवणारी. ट्रॅकिंग नंबर पाठवताना त्याच मेसेजमध्ये सौम्य शब्दांत सांगा आणि पिशवीवर बाहेरून स्टिकर लावा.

सवलत कशावर द्यायची

उदाहरणासाठी आकडे धरू. झुमके ३५० रुपयांचे, साहित्य आणि मजुरी १८०, पॅकिंग २४ (खोकं १२, कार्ड ४, पिशवी ३, टिश्यू २, स्टॉपर, स्टिकर आणि सिलिका मिळून ३). कुरियरचे ७० गिऱ्हाईक देतं. तुमच्याकडे १४६ उरतात.

पुढच्या खरेदीला १० टक्के दिले तर ३५ रुपये जातात आणि १११ उरतात. गिऱ्हाइकाला मात्र ४२० ऐवजी ३८५ द्यावे लागतात, आणि तिच्या डोक्यात खुपत असतात ते कुरियरचे ७०. त्याऐवजी "पुढच्या वेळी दोन नग घेतले तर कुरियर आमच्याकडे" असं ठेवा. ७०० ची विक्री, साहित्य-मजुरी ३६०, थोडं मोठं पॅकिंग २८, कुरियर ७०, तुमच्याकडे २४२ उरतात. तिचं एक कुरियर वाचतं आणि झुमक्यांच्या जोडीचा चोकर घ्यायला निमित्त मिळतं. हा हिशोब तुमच्या स्वतःच्या आकड्यांनी करून पाहा. साहित्य-मजुरी नगाला २५० झाली तर दोन नगांवर १०२ च उरतात, म्हणजे एका नगावरच्या ७६ पेक्षा फार जास्त नाही. तिथे कुरियरचा निम्माच भार उचला.

मुदत हा इथला नेहमीचा घोटाळा. "३० दिवसांत वापरा" हे रोज लागणाऱ्या वस्तूला ठीक. खणाच्या दागिन्याला मुदत सणाच्या नावाने द्या. श्रावणात गेलेल्या पार्सलवर "दिवाळीपर्यंत", दिवाळीत गेलेल्यावर "संक्रांतीच्या हळदीकुंकवापर्यंत", संक्रांतीच्या पार्सलवर "गुढीपाडव्यापर्यंत". हेही पेनने भरा, छापू नका.

अ‍ॅमेझॉनसारख्या बाजारपेठेतून आलेल्या ऑर्डरला हे कार्ड जसंच्या तसं चालत नाही. तिथल्या गिऱ्हाइकाला स्वतःच्या व्हॉट्सअ‍ॅपकडे वळवणं किंवा सवलतीच्या बदल्यात चांगला अभिप्राय मागणं नियमांत बसत नाही, आणि खातं अडचणीत येऊ शकतं. अशा पार्सलसाठी जपणुकीच्या सूचना आणि खणाचं नाव एवढंच असलेली वेगळी छपाई ठेवा.

काम झालं की नाही, कसं कळणार

पहिली १०८ कार्डं संपायला लागेल तेवढा वेळ द्या आणि एक तरी मोठा सण मध्ये जाऊ द्या. मग वहीत मोजा: किती मेसेज छपाईच्या कोडसह आले, किती खणाच्या कोडसह, किती दुरुस्तीसाठी, आणि त्यातल्या किती ऑर्डरी झाल्या. मेसेज येतात पण ऑर्डर होत नाही, तर कार्ड आपलं काम करतंय आणि अडचण पुढे आहे. बहुधा मागितलेला खण शिल्लक नसतो किंवा उत्तर दोन दिवसांनी जातं. मेसेजच येत नसतील तर पुन्हा पाच-सहाजणींना तोच प्रश्न विचारा: झुमके कशात ठेवता? "कार्डावरच" असं उत्तर येऊनही मेसेज नसेल तर मागची बाजू वाचनीय नाही, अक्षर बारीक आहे किंवा कोड चालत नाही. "डब्यात सुटेच" असं उत्तर आलं तर भोकं तपासा. ती घट्ट असतील किंवा फाटली असतील तर कोणीही पुन्हा लावत नाही. दोन प्रकारची कार्डं पन्नास-पन्नास वाटून एकीवरून दोन आणि दुसरीवरून चार ऑर्डरी आल्या तर त्यावरून काही ठरवू नका, एवढा फरक नुसत्या योगायोगानेही पडतो.

भेट म्हणून पाठवलेल्या पार्सलची गणती वेगळी ठेवा. तिथे पैसे देणारा पुण्यात असतो आणि कार्ड नागपुरातल्या मावशीच्या हातात पडतं. आत बिल घालू नका, ते पैसे देणाऱ्याला फोनवर पाठवा. पुढच्या पट्टीवर तुमच्या आभारांऐवजी देणाऱ्याने सांगितलेली ओळ लिहा आणि "सौ." वगैरे स्वतःच्या मनाने जोडू नका, त्याने नाव जसं लिहून दिलं तसंच ठेवा. बंद करण्याआधी उघड्या खोक्याचा एक फोटो देणाऱ्याला पाठवा आणि त्याच मेसेजमध्ये खणाचा कोडही द्या, म्हणजे मावशी किंवा भाचा, दोघांपैकी कोणीही पुढच्या वेळी तोच खण मागू शकेल.